डाव्या अंगठ्याची बंदूक

सावलीहून मूलकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक राईस मिल आहे. धनराज तिथे बारा महिने ऑपरेटर म्हणून राबायचा. धान भरडणाऱ्या मशीनचा आवाज थोडा जरी बदलला तरी तो जेवता जेवता ताटावरून उठून जायचा. शांत माणूस. बोलणं कमीच. पण दुपारच्या सुट्टीत पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला आणि कानात इयरफोन घातला की हाच माणूस मोबाइलवर ओरडायचा, "कुलदीप, डावीकडे पाह्य! छतावर हाये तो!" हमाल हसायचे. "धनराजभाऊच्या अंगात आलं गा," म्हणायचे.

खेळाचं नाव 'रणवाट'. विमानातून बेटावर उतरायचं, हत्यारं शोधायची आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. धनराजचं खेळातलं नाव होतं 'झाडीवाघ'. त्याच्या संघात एक होता कुलदीप. एटापल्लीकडचा, सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवरच्या ट्रकांची टायरं दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला. दुसरा रोशन, चंद्रपूरला आयटीआय करणारा. चौथा रोज कोणीतरी अनोळखी. तिघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. पण कुलदीपच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं हे धनराजला ठाऊक होतं, आणि धनराज जेवणात मिरचीचा ठेचा किती घेतो हे कुलदीपला. संघ अडचणीत आला की दोघंही एकच म्हणायचे, "भाऊ, तुमी सांगा." घरी किंवा मिलमध्ये त्याला असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या धानाच्या गर्दीत त्याचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला.

गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं. मधलं बोट राहिलं, पण काठीसारखं ताठ. शेवटची दोन तेवढी हलायची. टाके निघाल्यावर तो घरी आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. प्रत्येक जण आधी त्याच्या हाताकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. धनराजने हात दुपट्ट्यात गुंडाळला. लोकांसमोर तो दुपट्टा पुढे कितीतरी महिने सुटला नाही.

कुलदीपचे मेसेज येऊन पडले होते. 'भाऊ कुठी हाय?' 'भाऊ रागावले का?' धनराजने डाव्या हाताने एवढंच लिहिलं, 'गावी काम निघालं होतं.' हाताबद्दल एक अक्षर नाही. बायको दिव्यानीने ते वाचलं.

"सांगून टाका ना त्यायले," ती म्हणाली. "मित्र होत ना?"

"काय सांगू? मंग तेही असेच बोलतीन. कसा हाये हात, दुखते का, काही होते का त्या हातानं." तो थांबला. "तिथी मी चांगला हावो दिव्यानी. तिथी राहू दे मले चांगला."

पण खेळायचं कसं? मोबाइलवर डावा अंगठा चालवतो आणि उजवा नेम धरतो, गोळी झाडतो. त्याने फोन उशीला टेकवून पाहिला, ताठ बोटाने पडदा दाबून पाहिला. बोट घसरायचं, नेम आभाळात जायचा. असा एक डाव खेळून त्याने फोन पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

दिव्यानी बसस्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरवर ऑपरेटर होती. सातबारा काढणं, परीक्षांचे अर्ज भरणं, पासबुकाच्या झेरॉक्स, दिवसभर तेच. तिथे येणाऱ्या पोरांकडून तिला कळलं की कॉम्प्युटरवर एम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की त्याच्या आत एक अख्खा अँड्रॉइड फोन सुरू होतो. मग त्यात मोबाइलचे खेळ कीबोर्ड आणि माउसने खेळता येतात. सेंटरमधला एक जुना कॉम्प्युटर नवीन आल्यामुळे कोपऱ्यात पडला होता. मालकाला विचारून तिने तो घरी आणला.

पहिल्यांदा सगळं रडतखडत चाललं. माणूस चिखलातून चालल्यासारखा चालायचा. दिव्यानीने सेंटरमधल्या पोराला फोन लावला, त्याने सांगितलं तसं कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, एम्युलेटरला आधीपेक्षा जास्त रॅम दिली. मग चित्र सरळ पळू लागलं.

खात्यापाशी मात्र दोघांची फजिती झाली. धनराज मोबाइलवर इतकी वर्षं 'पाहुणा' म्हणून खेळत होता, कुठलंही खातं न जोडता. त्यामुळे त्याचा झाडीवाघ, त्याची पातळी, त्याचे मित्र, सगळं त्या एका फोनलाच बांधलेलं होतं. दिव्यानीला हे ठाऊक नव्हतं. तिने एम्युलेटरमध्ये त्याचं गूगल खातं टाकून खेळ उघडला, तर समोर पहिल्या पातळीचा उघडाबोडका नवा सैनिक उभा.

"माहा वाघ कुठी गेला?" धनराज उठून बसला.

"फोनमंधीच हाये. थांबा. फोनवरून जोडून पाहू."

तिने फोनवर खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'खातं जोडा' दाबलं, गूगल निवडलं. उत्तर आलं की हे खातं दुसऱ्या खेळाडूला आधीच जोडलेलं आहे. तिनेच मघाशी तो नवा सैनिक बनवून ते खातं अडकवून ठेवलं होतं. धनराजचा चेहरा पडला. फोन जुना होता, कधी बंद पडेल सांगता येत नव्हतं, आणि तो बंद पडला की वाघही गेला. दिव्यानीने तो नवा सैनिक तसाच सोडला. मग तिने त्याच्या नावाने दुसरं नवीन गूगल खातं उघडलं आणि फोनवरचा झाडीवाघ त्याला जोडला. या वेळी जुळलं. एम्युलेटरमध्ये तेच खातं टाकलं, तसा कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाडीवाघ आला. हिरवा शर्ट, डोक्यावर फेटा. धनराजने खुर्ची पुढे ओढली.

मग बटणं. एम्युलेटरमध्ये खेळाच्या चित्रावर पारदर्शक बटणं ठेवता येतात. खेळातल्या ज्या खुणेवर कीबोर्डचं अक्षर ओढून ठेवलं, ते अक्षर दाबलं की तिथे बोट टेकल्यासारखं होतं. तयार मांडणी चांगल्या दोन हातांच्या माणसासाठी होती. डाव्या हाताने चालायचं, उजव्या हाताने माउस फिरवायचा आणि माउसच्याच डाव्या बटणाने गोळी झाडायची. धनराजला माउस तळव्याखाली धरून ढकलता येत होता, पण डावं बटण दाबायला बोटच नव्हतं.

"गोळी दुसरीकडं ठेवू," तो म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याच्या आवाजात मिलमधला धनराज होता. "डावा अंगठा मोकळाच हाये ना? स्पेसवर ठेव."

चालणं डब्ल्यू, ए, एस, डीवर राहिलं. गोळी स्पेसबारवर आली, डाव्या अंगठ्याखाली. दुर्बीण माउसच्या उजव्या बटणावर, ते अंगठीचं बोट दाबू शकत होतं. उडी क्यूवर गेली, गोळ्या भरणं आरवर. पहिल्या दिवशी तो पळता पळता भिंतीला धडकायचा, बसायचं तर उडी मारायचा. पण माउस हलला की नेम हलत होता आणि अंगठा दाबला की बंदूक वाजत होती. आठवडाभर तो एकटाच खेळला. एक अपडेट आलं आणि खेळातली बटणं किंचित सरकली, तसा स्पेस दाबला तरी गोळी सुटेना. त्याने स्वतःच मांडणी उघडली, डाव्या हाताने माउसचं बटण दाबून धरत खूण पुन्हा बरोबर जागी ओढली. दिव्यानी स्वयंपाकघरातून बघत होती. 

मग त्याने कुलदीपला हाक दिली.

"आले गा भाऊ!" कुलदीप माइकवर इतक्या मोठ्याने ओरडला की मागे टायर ठोकणारा माणूस थांबल्याचं ऐकू आलं. पण लगेच त्याचा आवाज बदलला. "भाऊ, तुमच्या नावाजवळ कॉम्प्युटरची खूण काऊन दिसून राह्यली?"

खेळाला सगळं कळत होतं. कीबोर्ड-माउसवाल्याचा नेम मोबाइलवाल्यापेक्षा पक्का बसतो, म्हणून खेळाने एम्युलेटरवाल्यांचा गट वेगळा ठेवला होता. आणि संघात एक जरी एम्युलेटरवाला असला तरी सगळा संघ त्याच गटात जायचा. म्हणजे धनराजमुळे कुलदीप आणि रोशन आपापल्या फोनवरून माउसवाल्यांसमोर उभे राहिले. पहिल्या डावात तिघं उतरल्या उतरल्या मेले. दुसऱ्यातही तेच.

"भाऊ, फोनवर या ना," रोशन म्हणाला.

"फोन खराब हाये."

"मंग कोणाचा तरी घ्या. आमचे पॉइंट चालले."

"पाहतो," धनराज म्हणाला. उजवा हात दुपट्ट्यात नव्हता, माउसवर होता, आणि तरी कोणाला दिसत नव्हता. सांगायचं झालं तर हीच वेळ होती. त्याने माइक बंद केला.

पंधरवडाभर असंच चाललं. फेब्रुवारीत गडचिरोलीला एका मंडळाने स्पर्धा ठेवली होती, त्यासाठी मोबाइलच्या गटात ठरावीक पॉइंट लागत होते. कुलदीप त्यासाठी वर्षभर झटत होता. एके दिवशी रोशन चिडून म्हणाला, "भाऊले फुकटचा नेम पाह्यजे, आमचं काही होवो. माउसची सवय लागली त्यायले." कुलदीपने त्याला गप्प केलं नाही. धनराजच्या तळव्याखाली माउस थांबला. समोरून गोळ्या आल्या आणि झाडीवाघ तोंडावर पडला.

दुसऱ्या दिवशी रोशनने एक लिंक पाठवली. सोबत लिहिलं होतं, 'हे टाका. खूण जाते. मग फोनवाल्यांत येता येते. सगळे करतात.'

दिव्यानीने ते पाहिलं. "अँटीव्हायरस बंद कर म्हणते हे. सेंटरमंधी असली फाइल आम्ही हातबी लावत नाई. आणि खेळवाल्यायनं पकडलं तर?"

"सगळेच करते म्हणते तो."

"तुमी त्यायले हात दाखवा ना. एक फोटो पाठवा. संपलं."

"फोटो?" धनराज एकदम तापला. "भीक मागू का हाताची? की पाहा गा, लुळा हावो, मले घ्या खेळात?"

ती सेंटरला गेल्यावर त्याने फाइल टाकली.

खूण गेली. तिघं मोबाइलवाल्यांच्या गटात आले आणि जिंकू लागले. धनराजचा माउस तळव्याखाली सरकायचा, दुर्बिणीत डोकं यायचं, अंगठा दाबला जायचा. समोरची पोरं पडद्यावर बोटं घासत नेम धरेपर्यंत मरून गेलेली असायची. कुलदीप खुशीत होता. "भाऊ, जुना वाघ आला!" पण धनराजला पूर्वीसारखा आनंद होईना. पूर्वी समोरचा आणि तो दोघेही सारखेच अडखळायचे. आता भिंतीआडून डोकं काढणाऱ्या माणसाला काही संधीच उरली नव्हती. एकदा एक जण पाठ करून पळत होता, धनराजने नेम धरला आणि अंगठा उचलूनच धरला. तो पळून गेला. "काऊन सोडलं?" कुलदीपने विचारलं. "गोळ्या संपल्या," धनराज म्हणाला. गोळ्या होत्या.

पॉइंट भरले. आणि स्पर्धेची नावं जायच्या आठवड्यात, सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून त्याने खेळ उघडला, तर झाडीवाघ आला नाही. काळ्या पडद्यावर लिहिलं होतं की बाहेरचं सॉफ्टवेअर वापरल्यामुळे हे खातं दहा वर्षांसाठी बंद केलं आहे. त्याने फोनवर उघडून पाहिलं. तिथेही तेच. बंदी कॉम्प्युटरवर नव्हती, खात्यावर होती. ज्या जोडणीमुळे वाघ फोनमधून इथे आला होता, तिच्यामुळेच तो आता कुठेही गेला तरी बंदच होता. त्याने खेळाच्या कंपनीला अर्ज केला. दोन ओळींचं उत्तर आलं, निर्णय बदलणार नाही.

खरं वाईट पुढेच होतं. त्याच्याबरोबर खेळलेले सगळे डाव खेळाने रद्द केले. कुलदीपचे आणि रोशनचे त्यातले पॉइंट गेले. स्पर्धेच्या यादीत कुलदीपचं नाव आलं नाही.

कुलदीपचा फोन आला, धनराजने उचलला नाही. पुन्हा आला. मग येईनासा झाला. धनराज दिवसभर खाटेवर बसून राहिला. कॉम्प्युटरवर दिव्यानीने जुना टॉवेल टाकला.

रविवारी सकाळी दारात मोटरसायकल थांबली. लाल धुळीने माखलेला, पंचविशीचा, काळासावळा, बुटका पोरगा उतरला. धनराजने कधी गप्पांत सांगितलेलं आठवून बसस्टँडवर ऑनलाइन सेंटरवाल्या दिव्यानीताईचं घर विचारत आला होता. आलापल्लीवरून, चामोर्शीवरून, वैनगंगेचा पूल ओलांडून. आवाज ऐकताच धनराजने ओळखलं.

"धनराजभाऊ इथीच राहते?"

धनराज तेव्हा पडद्यासमोर होता. आदल्या दिवशीच त्याने टॉवेल काढला होता. तो पहिल्या पातळीचा उघडाबोडका सैनिक अजून जुन्या गूगल खात्यात पडून होता. बाहेरची फाइल काढून टाकली होती, कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून दिव्यानीने सॉफ्टवेअर नव्याने टाकलं होतं, म्हणून बटणं पुन्हा एकेक मांडणं चाललं होतं. दुपट्टा खुर्चीच्या पाठीवर पडला होता. दिव्यानीने मुद्दामच की काय, कुलदीपला थेट आत पाठवलं.

कुलदीप रागाने आला होता. तोंड उघडूनच आला होता. "भाऊ, एवढं करून फोनबी उचलत नाई..." आणि तिथेच थांबला.

धनराज वळला नाही. पाठीमागे कोण आहे हे त्याला कळलं होतं. त्याला हात लपवता आला असता, दुपट्टा हाताशी होता. पण मांडणी अर्धी झाली होती आणि गोळीची खूण अजून ठेवायची होती. त्याने उजव्या तळव्याने माउस सरकवला. डाव्या हाताने माउसचं बटण दाबून धरत खूण ओढली, गोळीच्या चिन्हावर आणून ठेवली, आणि डाव्या अंगठ्याने स्पेस दाबला.

कुलदीप दोन पावलं पुढे आला. मग मोडक्या स्टुलावर बसला.

"कधीचं हाये हे?"

"धानाच्या सीझनमंधलं. मिलचा पट्टा."

"म्हणजे तुमी गावी काम निघालं म्हणे, तवा?"

"हो."

"आणि आमी तुमाले फोनवर या, फोनवर या करून राह्यलो होतो." कुलदीपने डोक्याला हात लावला. मग त्याचा राग परत आला, वेगळ्या वाटेने. "सांगितलं काऊन नाई भाऊ? एक शब्द सांगितला असता तर मी माउसवाल्यायच्या गटात रोज मेलो असतो तुमच्यासंगं. रोशनले मीच गप्प केलं असतं. ती फाइल लागलीच नसती. मी एक वर्ष घासलं त्या यादीसाठी. एक वर्ष!"

धनराजने माउस सोडून खुर्ची त्याच्याकडे वळवली. "चुकलं गा," एवढंच म्हणाला. "तुले पाहून लाज वाटून राह्यली."

दिव्यानीने पोहे आणले. कुलदीपने ते खाल्ले, पण मान वर केली नाही. जाताना त्याने धनराजचा उजवा हात हातात घेतला, ताठ बोट हलकेच वाकवून पाहिलं, टायरचा वॉल्व तपासावा तसं. "दुखते का?" त्याने विचारलं. धनराज ज्या प्रश्नाला इतके महिने घाबरला होता, तोच प्रश्न. "थंडीत दुखते," तो म्हणाला.

सगळं पूर्वीसारखं झालं नाही. रोशन परत आला नाही. त्याने दुसरा संघ धरला आणि मेसेजला उत्तर देणं सोडलं. कुलदीपचं फेब्रुवारीचं गेलं ते गेलंच. गडचिरोलीच्या स्पर्धेच्या दिवशी त्याने धनराजला काही कळवलं नाही, आणि धनराजनेही विचारलं नाही. मिलच्या मालकाने धनराजला पट्ट्यापाशी घेतलं नाही, फाटकावर गाड्या मोजायला बसवलं. मशीनचा आवाज तिथूनही ऐकू येतो. तो बदलला की धनराज अजून उठून उभा राहतो, मग त्याला आठवतं आणि तो बसतो.

मार्चच्या शेवटी एका सुट्टीच्या दुपारी, पहिल्या पातळीच्या त्या सैनिकाला कुलदीपची हाक आली. नावाजवळ कॉम्प्युटरची खूण ठळक दिसत होती. कुलदीप फोनवरूनच आला, माउसवाल्यांच्या गटात.

"कुठी उतरायचं भाऊ?"

धनराजने नकाशा पाहिला. साध्या गावावर खूण टाकली, जिथे कोणी फारसं उतरत नाही. उतरल्यावर बंदूक शोधायलाच वेळ गेला. डोंगराच्या कडेवर पहिली गोळी कुलदीपला लागली, तो खाली पडला, मदतीसाठी सरपटत राहिला. धनराज त्याच्याकडे धावला. क्यू दाबून कठड्यावरून उडी घेतली, माउस ढकलला, डोंगरावरच्या माणसाकडे नेम धरला. अंगठा स्पेसवर होता. गोळी चुकली. डोंगरावरच्याची चुकली नाही.

"मेलो दोघंबी," कुलदीप म्हणाला. त्याच्या मागे कुठेतरी ट्रकचं टायर जमिनीवर आदळलं. "पुन्हा लावू का?"

"लाव," धनराज म्हणाला.